यंत्राचा संशय आणि एका विद्यार्थिनीचे पत्र

गेल्या सत्राच्या अखेरीस प्रस्तुत लेखकाच्या हाती एक पत्र आले. लिहिणारी द्वितीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी होती. पत्र हाताने लिहिलेले, आखीव कागदाच्या साडेतीन पानांचे होते. ‘आदरणीय सर यांस, सविनय नमस्कार’ अशी त्याची सुरुवात होती, आणि चौथ्याच ओळीत तिने नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत म्हटले होते की, आपण माझ्यावर केलेला आरोप खोटा आहे.

हा आरोप मीच केला होता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्यांना एक निबंध लिहून आणावयास सांगितला होता. विषय होता आठवडी बाजारातील भाजीपाल्याचे भाव. महाविद्यालयाने नव्यानेच घेतलेल्या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून सर्व निबंध गेले. या विद्यार्थिनीच्या नावापुढे ‘७८ टक्के’ असा आकडा उमटला. हा मजकूर माणसाने नव्हे तर मजकूर तयार करणाऱ्या यंत्राने लिहिला आहे, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. मी तिला शून्य गुण दिले. एवढ्यावर न थांबता ‘अशा’ निबंधांची यादी वर्गात वाचून दाखवली. यादीत आठ नावे होती. सात जण गप्प राहिले. आठवीने पत्र लिहिले.

त्या पत्रात दयेची याचना नव्हती. गरिबीचा, आजारपणाचा किंवा घरच्या अडचणींचा उल्लेख नव्हता. त्यात चार प्रश्न होते. ७८ टक्के म्हणजे कशाचे ७८ टक्के? यंत्राने तसे म्हटले, याखेरीज आपल्याजवळ दुसरा पुरावा कोणता? मी बाजारात उभे राहून टिपलेल्या भावांची वही आपण का मागितली नाही? आणि मी लिहिले नाही हे आपण सिद्ध करावयाचे, की मी लिहिले हे मी? या चारही प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी माझ्याजवळ नव्हती. पुढील काही दिवसांत ती शोधताना जे उमगले ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आज असे आरोप अनेक महाविद्यालयांत होत आहेत, आणि आरोप झालेली प्रत्येक मुलगी पत्र लिहीत नाही.

यंत्र नेमके काय मोजते?

पहिला प्रश्न सर्वांत साधा वाटतो, पण सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरशी आपला गेल्या काही वर्षांत परिचय झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्यासंबंधी नियमावली केली. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते, असे तिचे स्वरूप आहे. त्यामुळे टक्केवारी दिसली की ती दोषाची मात्रा आहे, असे समजण्याची सवय अध्यापकांना लागली आहे. परंतु उचलेगिरीच्या अहवालात एका बाजूला विद्यार्थ्याचे वाक्य असते आणि दुसऱ्या बाजूला ते ज्या पुस्तकातून किंवा लेखातून आले ते मूळ वाक्य असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणीही पडताळा घेऊ शकतो. यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या साधनाजवळ असे कोणतेही मूळ नसते. ते केवळ अंदाज करते. काही साधनांत तो आकडा मजकुराचा किती भाग संशयास्पद वाटतो हे सांगतो, तर काहींत संपूर्ण मजकूर यंत्राचा असण्याची संभाव्यता सांगतो. आमच्या पडद्यावरचा आकडा यांपैकी कोणता, हे शिक्षा देताना मला ठाऊक नव्हते. हा माझा पहिला अपराध.

हा अंदाज कसा बांधला जातो, ते समजावून घेणे अवघड नाही. ‘सूर्य पूर्वेला’ एवढे शब्द ऐकले की पुढे ‘उगवतो’ येणार, हे कोणीही सांगेल. मजकूर तयार करणारे यंत्र असेच एकामागून एक संभाव्य शब्द जोडत जाते. साहजिकच त्याच्या लेखनात अनपेक्षित शब्द कमी येतात आणि वाक्यांची लांबीही बरीचशी सारखी राहते. तपासणारी अनेक साधने याचा उलटा उपयोग करतात. प्रत्येक शब्द किती अपेक्षित होता आणि वाक्यांची लय किती एकसुरी आहे, याचा हिशेब ती मांडतात. मजकूर फारच अपेक्षित आणि फारच एकसुरी निघाला, तर तो यंत्राचा असावा असे ठरते.

आता आपल्या विद्यार्थ्यांचा विचार करा. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. महाविद्यालयात तिने इंग्रजीत निबंध लिहिला, कारण इंग्रजीत लिहिल्यास बरे दिसते असे आम्हीच तिच्या मनावर बिंबवले. तिच्याजवळ इंग्रजी शब्दांचा साठा बेताचा आहे. शाळेतील व्याकरणाच्या तासाला आणि मार्गदर्शक पुस्तकांत जे ठरीव साचे मिळाले, तेच तिच्या हाताशी आहेत. शेतीची अर्थव्यवस्थेत महत्त्वाची भूमिका आहे. याचे फायदे आणि तोटे पुढीलप्रमाणे आहेत. शेवटी असे म्हणता येईल की. अशा वाक्यांवर आपण वर्षानुवर्षे गुण देत आलो. चूक होऊ नये म्हणून परिचित शब्दच वापरावा आणि वाक्य लहान ठेवावे, हा उपदेशही आपलाच. हे सारे पाळणाऱ्या विद्यार्थ्याचे लेखन यंत्रासारखे दिसू लागले, तर त्यात दोष कोणाचा?

ही केवळ माझी कल्पना नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली याचा प्रयोग करून पाहिला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी ‘टोफेल’ या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात निरनिराळ्या तपास-साधनांना दिले. हे सर्व निबंध माणसांचे होते. तरीही साधनांनी सरासरी साठ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले. ९१ पैकी ८९ निबंधांवर सातपैकी निदान एका साधनाने संशय घेतला. अमेरिकन शाळेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्याच साधनांनी बहुतांशी माणसांचे म्हणून ओळखले. यापुढचा भाग तर अधिकच उद्बोधक आहे. संशोधकांनी तेच परकीय निबंध चॅटजीपीटीकडे देऊन त्यांतील शब्द अधिक समृद्ध करून घेतले आणि पुन्हा तपासावयास दिले. तेव्हा संशयाचे सरासरी प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास उतरले. याचा अर्थ असा की, स्वतः लिहिणारा गुन्हेगार ठरत होता आणि यंत्राकडून भाषा सजवून घेणारा निर्दोष सुटत होता.

हा प्रयोग लहान होता आणि २०२३ च्या प्रारंभीच्या साधनांवर झाला होता, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर साधने सुधारली आहेत. परंतु सुधारलेल्या साधनाचीही चूक शून्यावर आलेली नाही, आणि चूक थोडी असली तरी तिचा परिणाम थोडाच असतो असे नाही. येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला थोडे अंकगणित करणे भाग आहे.

थोड्या चुकीचा मोठा हिशेब

समजा, दोनशे निबंध आले. त्यांपैकी वीस विद्यार्थ्यांनी खरोखरच यंत्राकडून लिहून घेतले आणि एकशेऐंशी जणांनी स्वतः लिहिले. साधन चांगले आहे असे धरू. ते यंत्रलिखित निबंधांपैकी ८० टक्के पकडते आणि प्रामाणिक निबंधांपैकी केवळ ५ टक्क्यांवर चुकून संशय घेते. कोणीही म्हणेल की, साधन ९५ टक्के विश्वासार्ह आहे. आता मोजा. वीसपैकी सोळा पकडले गेले. एकशेऐंशीपैकी पाच टक्के म्हणजे नऊ प्रामाणिक विद्यार्थीही त्याच यादीत आले. यादी पंचवीस जणांची झाली आणि तीत नऊ निरपराध आहेत. म्हणजे यादीतल्या साधारण प्रत्येक तिसऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो. शिवाय चार खरे अपराधी यादीबाहेर आरामात बसले आहेत.

वर्गातील बहुतेक मुले प्रामाणिक असतील, तर हा हिशेब आणखी बिघडतो. दोनशेत केवळ चारच अपराधी असतील, तर साधन त्यांतील तीन पकडेल आणि उरलेल्या एकशेशहाण्णवांपैकी नऊ-दहा निरपराधांना गोवील. वर्ग जितका प्रामाणिक, तितकी त्याची संशयितांची यादी अधिक खोटी, असा हा विचित्र न्याय आहे. साधनाची अचूकता आणि संशयिताचा अपराध या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच मानल्या की ‘९५ टक्के विश्वासार्ह’ हे शब्द ऐकून आपण निश्चिंत मनाने शून्य गुण देऊन मोकळे होतो.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हाच हिशेब आपल्यापुरता मांडला. त्या विद्यापीठात २०२२ साली सुमारे ७५ हजार निबंध तपासणीला गेले होते. चुकीचे प्रमाण कंपनीच्या सांगण्याप्रमाणे केवळ एक टक्का धरले, तरी साडेसातशे निबंधांवर खोटा आरोप झाला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यापीठाने ही सोय बंद केली. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआय या कंपनीनेही जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन प्रसिद्ध केले होते. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के ओळखत होते आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांना यंत्राचा ठरवत होते. अचूकता अपुरी असल्याचे कारण देऊन तिने त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले.

याहूनही वाईट एक रीत आहे, आणि ती आपल्याकडेही रूढ होऊ पाहत आहे. निबंध चॅटजीपीटीपुढे टाकावयाचा आणि ‘हा तू लिहिलास काय?’ असे त्यालाच विचारावयाचे. टेक्सासमधील एका विद्यापीठात मे २०२३ मध्ये एका अध्यापकाने हेच केले, आणि त्यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे गुण अडकून पडले. त्या यंत्राजवळ आपण कोणाला काय लिहून दिले याची नोंदवही नसते. विचारलेल्या प्रश्नाला शोभेलसे उत्तर जुळवणे एवढेच ते करते. त्याचा होकार ही साक्ष नव्हे आणि नकारही नव्हे.

न्यायाची जुनी रीत

पत्रातील शेवटचा प्रश्न सिद्ध कोणी करावयाचे हा होता. याचे उत्तर आपल्या देशात फार पूर्वीच देण्यात आले आहे. उत्तर प्रदेशातील माध्यमिक व इंटरमीजिएट परीक्षा मंडळाने १९५४ च्या परीक्षेतील तीन विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या आरोपावरून रद्द केले आणि त्यांना पुढील वर्षीच्या परीक्षेलाही बसू दिले नाही. त्यांचे म्हणणे मात्र ऐकून घेतले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ साली न्यायालयाने निर्णय दिला की, अशा वेळी परीक्षा समितीचे काम न्यायदानासारखेच असते, कारण तिच्या निर्णयाने विद्यार्थ्याचे आयुष्य बिघडू शकते; म्हणून त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. पुढे १९७० साली बिहारमधील एका परीक्षा केंद्रावरील सामूहिक नकलेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे ऐकण्याची गरज नाही, कारण तेथे कोणा एकावर ठपका ठेवलेला नसतो. दोन्ही निर्णय एकत्र वाचले की तत्त्व स्पष्ट होते. एकेकट्या विद्यार्थ्यावर बोट रोखावयाचे असेल, तर आधी त्याचे ऐकले पाहिजे.

मी आठ जणांवर बोट रोखले आणि एकाचेही ऐकले नाही. शिवाय आरोप करणारा मी, पुरावा तोलणारा मी आणि शिक्षा देणाराही मीच. न्यायालयात एवढी सत्ता एका माणसाच्या हाती कोणी सोपवणार नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या नावाखाली ती आम्हा अध्यापकांकडे सहज चालत येते आणि तिची जाणीवही होत नाही.

वीस मिनिटांची परीक्षा

पत्र मिळाल्यानंतर आठवड्याने मी त्या विद्यार्थिनीला बोलावले. विभागातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनाही बसण्याची विनंती केली. तिने आपली वही आणली होती. चार मंगळवारचे भाव तीत पेन्सिलीने टिपलेले होते. पहिल्या मंगळवारी बाजार समितीच्या लिलावात वीस किलोच्या टोमॅटोच्या कॅरेटला २४० रुपये, म्हणजे किलोला १२. आणि आठवडी बाजारात किरकोळ भाव २५. दुसऱ्या मंगळवारी कॅरेट १४० वर, म्हणजे किलोला ७ रुपयांवर घसरले. किरकोळ भाव मात्र २२ वरच राहिला. तिसऱ्या आठवड्यात पाऊस झाला, आवक घटली, कॅरेट ४०० वर गेले आणि त्याच दिवशी किरकोळ भाव ४० झाला. चढता भाव ताबडतोब गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो आणि उतरता भाव वाटेतच रेंगाळतो, हे अर्थशास्त्रातील परिचित निरीक्षण तिच्या वहीत जसेच्या तसे उतरले होते. निबंधाच्या शेवटी हा तक्ता होताही. परंतु अशी साधने सहसा सलग गद्याचाच हिशेब करतात. तिने स्वतः केलेले काम यंत्राच्या नजरेत आलेच नाही, आणि टक्केवारी पाहून मीही तेथपर्यंत पोहोचलो नाही.

मी विचारले, “लिलावात भाव उतरला, मग विक्रेत्याने का उतरवला नाही?”

ती म्हणाली, “सर, टेम्पोचं भाडं कॅरेटमागं असतं, भावामागं नसतं. कॅरेट १४० ला मिळालं म्हणून टेम्पोवाला पैसे कमी घेत नाही. आणि माल उतरतो तेव्हा सगळ्यांकडेच जास्त असतो. उरलेला दुसऱ्या दिवशी नासतो. तो तोटा ते भावातच धरतात.”

मग मी तिला पूर्ण स्पर्धेची व्याख्या विचारली. तिने ती इंग्रजीत, एका दमात, निबंधात होती तशीच म्हणून दाखवली. ती मार्गदर्शक पुस्तकातून पाठ केल्याचे तिने लगेच कबूल केले. यंत्राने ज्यावर संशय घेतला, तो बहुतेक भाग अशाच व्याख्यांचा होता.

“मग तुझ्या बाजारात ही पूर्ण स्पर्धा दिसली का?” बाईंनी विचारले.

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, “नाही, बाई. टोमॅटोवाले पंधरा असतात, पण सकाळी एक जण भाव बोलतो आणि बाकीचे तोच लावतात.”

“हे निबंधात का लिहिलं नाहीस?”

“पुस्तकात तसं नाही ना.”

या उत्तराने मला त्या पत्रापेक्षाही अधिक अस्वस्थ केले. तिचा निबंध यंत्राने लिहिलेला नव्हता. परंतु त्यातील अर्धा भाग पाठांतराने लिहिलेला होता, आणि तिचा खरा विचार पुस्तकाच्या धाकाने निबंधाबाहेरच राहिला होता. यंत्राने तिच्या लेखनात जो निर्जीवपणा टिपला तो अगदीच काल्पनिक नव्हता. पण तो निर्जीवपणा आमच्या अध्यापनाने घडवलेला होता. पाठ केलेल्या व्याख्यांचे गुण कापणे हे मूल्यमापन आहे. तिने लबाडी केली असे म्हणणे हा आरोप आहे. मी पहिल्याऐवजी दुसरे केले.

यावर सहकारी म्हणतील, आणि ते खोटेही नाही, की विद्यार्थी खरोखरच यंत्राकडून निबंध लिहून घेतात. त्या यादीतील उरलेल्या सात जणांनाही आम्ही नंतर असेच बोलावले. चौघांना स्वतःच्या निबंधातील साध्या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, आणि त्यांनी काय केले ते मोकळेपणाने सांगितले. दोघांनी निबंध स्वतः लिहिल्याची आमची खात्री पटली. एकाविषयी आम्हाला काहीच ठरवता आले नाही, म्हणून त्याला संशयाचा फायदा दिला. आठांमध्ये चार अपराधी निघाले, याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, त्याच्या शब्दावर शिक्षा देणे म्हणजे नाणे उडवून न्याय करण्यासारखे आहे. कोणाला प्रश्न विचारावेत हे ठरवण्यास त्याचा थोडा उपयोग होईल. उत्तर काय, हे ते सांगू शकत नाही.

तोंडी परीक्षेलाही मर्यादा आहेत. बुजरा विद्यार्थी स्वतः लिहिलेल्या निबंधावरही अडखळतो, आणि इंग्रजीतून प्रश्न विचारले की अर्धी मुले गप्प होतात. म्हणून प्रश्न मराठीत विचारले पाहिजेत, आणि व्याख्या न विचारता ‘हे तू कसे केलेस’ असे विचारले पाहिजे. एवढा वेळ आहे कोठे, असा आक्षेप येईल. दोनशे जणांच्या तोंडी परीक्षेला प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर सहासष्ट तासांहून अधिक लागतील, ते अशक्यच. आठ जणांना मात्र तीन तासही लागले नाहीत. एखाद्या मुलीच्या नावावर कायमचा डाग लावण्यापूर्वी वीस मिनिटे खर्च करणे ज्या संस्थेला परवडत नाही, तिने तो डाग लावण्याचा अधिकारही सोडावा.

प्रत्येक महाविद्यालयाने काही गोष्टी लेखी ठरवून घेतल्या पाहिजेत. यंत्राची कोणती मदत चालेल आणि कोणती नाही, हे निबंधाच्या विषयासोबतच सांगावे. शब्दांचे शुद्धलेखन तपासणे आणि संपूर्ण निबंध लिहून घेणे यांना एकाच मापाने मोजू नये. कच्ची टिपणे जपून ठेवण्यास विद्यार्थ्यांना आधीच सांगावे, कारण आरोपानंतर ती मागणे म्हणजे न सांगितलेल्या नियमाची शिक्षा होय. यंत्राचा आकडा हा एकमेव पुरावा मानू नये. विद्यार्थ्याचे ऐकल्यावाचून गुण कापू नयेत. कापल्यास कारण लेखी द्यावे, आणि त्यावरचे अपील आरोप करणाऱ्या अध्यापकापुढे नव्हे, दुसऱ्या कोणापुढे चालावे.

हे झाले नाही तर काय होईल, याचे उत्तर बाजारच देतो. ज्या बाजारात खरा आणि खोटा माल ओळखण्याचे साधन चुकते, तेथे खरा माल आणणाऱ्याचे नुकसान होते आणि हळूहळू तो बाजार सोडतो. आजच विद्यार्थी सांगू लागले आहेत की, संशय येऊ नये म्हणून ते निबंधात मुद्दाम दोन-चार चुका पेरतात, तर काही जण यंत्रलिखित मजकूर ‘माणसासारखा’ करून देणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडे धाव घेतात. लबाडाला वाट सापडतेच. अडकते ती सरळ, साध्या, शाळेत शिकवलेल्या भाषेत लिहिणारी मुलगी.

त्या विद्यार्थिनीला मी लेखी पत्र देऊन आरोप मागे घेतला आणि निबंधाचे गुण नव्याने दिले. पाठ केलेल्या भागाचे गुण कापले आणि तक्त्याला पूर्ण गुण दिले. ते पत्र वाचून तिने एकच गोष्ट विचारली, “सर, हे वर्गातही सांगाल ना?” आरोप चारचौघांत झाला होता, तेव्हा माघारही चारचौघांतच व्हावयास हवी होती, ते तिला सांगावे लागले, मला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी तिचे आणि आणखी तिघांचे नाव घेऊन माझी चूक वर्गापुढे सांगितली. अध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे चूक कबूल केल्याने शिस्त बिघडते, असे मानणारे अनेक जण आपल्या व्यवसायात आहेत. त्या तासाला वर्ग नेहमीपेक्षा अधिक शांत होता, एवढेच मी त्यांना सांगू शकतो.